पहिल्या माणसाची परीक्षा

गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एका विद्यार्थिनीच्या वहीवर लाल शाईची फुली पडली. ती फुली चुकीची होती हे आम्हांस दुसऱ्या दिवशी कळले, आणि तेही आठ चिंचोक्यांनी समजावून दिले तेव्हा. एम. ए. पर्यंत मराठी शिकलेल्या आणि उभी हयात शाळेत घालवलेल्या माणसाला चिंचोक्यांकडून धडा घ्यावा लागला, ही हकीकत सांगण्यात संकोच वाटावा. परंतु त्या फुलीच्या निमित्ताने एका कोड्याचे अंतरंग आम्हांस प्रथमच नीट उमगले, म्हणून ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गणिताचे शिक्षक रजेवर होते. बाहेर पाऊस असा कोसळत होता की कवायतीचा तास घेणे शक्य नव्हते. मुख्याध्यापकाने अशा वेळी वर्गावर जाऊन मुले शांत ठेवावीत, एवढीच अपेक्षा असते. आम्ही नववीच्या वर्गात गेलो आणि फळ्यावर एक बेट काढले. त्या बेटावर दोनच प्रकारची माणसे राहतात. एक सत्यवचनी, ती चुकूनही असत्य बोलत नाहीत. दुसरी लबाड, ती चुकूनही सत्य बोलत नाहीत. दिसण्यावरून कोण कोणता हे ओळखता येत नाही. मात्र बेटावरचे सगळे एकमेकांना पुरते ओळखतात. ही कल्पना आमची नव्हे. रेमंड स्मलियन या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?’ या पुस्तकाने अशा बेटाला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली. हे गृहस्थ गणिती तर होतेच, पण पियानोवादक आणि जादूगारही होते. २०१७ साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या बेटावर बहुधा दोघे किंवा तिघेच भेटतात. आम्ही मात्र फळ्यावर आठ जणांची सरळ रांग उभी केली.

आठही जण एकच वाक्य बोलतात : ‘माझ्या अगदी लगत उभ्या असलेल्यांत नेमका एक लबाड आहे.’ रांगेच्या दोन टोकांना उभे असलेल्यांना एकेकच शेजारी आहे. त्यांच्या तोंडी या वाक्याचा अर्थ ‘माझा शेजारी लबाड आहे’ एवढाच होतो. मधल्या सहांना दोन दोन शेजारी आहेत. प्रश्न असा, की यांपैकी लबाड कोण?

मुलांनी आधी अंदाजाने उत्तरे ओरडली. एकाने सगळेच लबाड म्हटले, दुसऱ्याने एकआड एक. अशा कोड्यात सर्व शक्यता तपासू म्हटले तर प्रत्येक माणसाच्या दोन शक्यता, म्हणजे आठ जणांच्या २५६ मांडण्या होतात. पावसाळ्याचे सगळे तास त्यांतच जावयाचे. शहाणपणाचा मार्ग निराळा आहे. रांगेतल्या पहिल्याच माणसाला धरावे, तो सत्यवचनी आहे असे क्षणभर मानावे, आणि त्या मानण्यातून पुढचे काय काय ओघाने येते ते पाहत शेवटपर्यंत जावे.

पहिलाच का, हे आधी सांगितले पाहिजे. कारण सारी युक्ती त्यातच आहे. मधल्या कोणाला सत्यवचनी मानले, तर त्याचे दोन शेजारी राहतात. त्यांत एक लबाड असणार एवढे कळते, पण डावीकडचा की उजवीकडचा हे कळत नाही. तेथेच वाट फुटते. टोकावरच्या माणसाला मात्र शेजारी एकच. त्याच्याविषयी काहीही मानले की दुसऱ्याची जात तत्क्षणी ठरते. मग दुसऱ्याचा एक शेजारी ठाऊक झालेला असतो, म्हणून दुसऱ्याच्या वाक्यावरून तिसरा ठरतो, तिसऱ्यावरून चौथा. धाग्याचे टोक सापडले की गुंता सुटत जातो, आणि रांगेत ते टोक शब्दशः टोकालाच असते.

आता आठ जणांची रांग सोडवून पाहू. सत्यवचनीला ‘स’ आणि लबाडाला ‘ल’ म्हणू. पहिला स मानला. त्याचे म्हणणे खरे, म्हणून दुसरा ल. दुसरा लबाड असल्यामुळे ‘नेमका एक’ हे त्याचे म्हणणे खोटे. येथे वर्गातील निम्मी मुले घसरली, आणि आमच्या अनुभवाने सांगतो, मोठी माणसेही येथेच घसरतात. ‘नेमका एक लबाड आहे’ हे खोटे, म्हणजे ‘एकही लबाड नाही’ असे त्यांनी धरले. तसे ते नाही. ‘नेमका एक’ खोटे ठरायला शेजाऱ्यांत लबाड शून्य तरी असावेत किंवा दोन तरी. दुसऱ्या शब्दांत, लबाडाचे दोन्ही शेजारी एकाच जातीचे असतात. सत्यवचनीचे दोन शेजारी भिन्न जातीचे, लबाडाचे दोन शेजारी एका जातीचे : या रांगेचा सारा कायदा एवढाच आहे.

तर दुसरा ल, त्याचा एक शेजारी स, म्हणून दुसरा शेजारी, म्हणजे तिसरा, हाही स. तिसरा सत्यवचनी, त्याचा एक शेजारी लबाड आहेच, म्हणून चौथा स. चौथा सत्यवचनी, तिसरा स आहे, म्हणून पाचवा ल. पाचवा लबाड, चौथा स, म्हणून सहावा स. सहावा सत्यवचनी, पाचवा ल, म्हणून सातवा स. सातवा सत्यवचनी, सहावा स, म्हणून आठवा ल. आता रांग संपली; पण काम संपलेले नाही. आठव्याला आम्ही सातव्याच्या वाक्यावरून ठरवले, त्याचे स्वतःचे वाक्य अद्याप कोणी तपासलेच नाही. शेवटचा माणूस हा या पद्धतीतला पंच होय. तो म्हणतो, ‘माझा शेजारी लबाड आहे.’ शेजारी, म्हणजे सातवा, सत्यवचनी आहे. तेव्हा हे म्हणणे खोटे, आणि बोलणारा लबाडच ठरला आहे. जुळले. दुसरा, पाचवा आणि आठवा हे तिघे लबाड. आम्ही फळ्यावर स ल स स ल स स ल असे लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या, आणि मुलांना उत्तर कारणांसह वहीत लिहून आणावयास सांगितले.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. बहुतेकांनी फळ्यावरचेच उतरवले होते. एका मुलीने मात्र पहिला, चौथा आणि सातवा लबाड असे लिहिले होते. आमचा पहिला सत्यवचनी, हिचा पहिलाच लबाड! आरंभच चुकला असे समजून आम्ही पुढचे वाचलेही नाही. फुली मारली आणि दहापैकी दोन गुण दिले. तेही अक्षर चांगले म्हणून.

मुलगी अबोल स्वभावाची आहे. वर्गात काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, माझं कुठं चुकलं ते कळंना.’’ आम्ही सांगितले, ‘‘अगं, पहिला माणूस सत्यवचनी आहे. तू त्याला लबाड केलास.’’ त्यावर ती जे म्हणाली, त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ‘‘सर, तो सत्यवचनी आहे असं आपण नुसतं मानलं होतं ना?’’

तिने रुमालात बांधून आणलेले आठ चिंचोके आमच्या टेबलावर मांडले. घरी आजीने चिंचोके मधोमध फोडून एका बाजूने घासून पांढरे करून दिले होते. पट-सोंगट्यांच्या खेळासाठी आमच्या लहानपणी करीत तसेच. पांढरी बाजू वर म्हणजे सत्यवचनी, काळी बाजू वर म्हणजे लबाड. तिने आमचे उत्तर मांडले : पांढरा, काळा, पांढरा, पांढरा, काळा, पांढरा, पांढरा, काळा. मग म्हणाली, ‘‘रात्री आजी माझ्यासमोर बसली होती. तिला तिकडून वाचताना पहिलाच काळा दिसला.’’

मुद्दा इतका उघड होता की आम्ही काही वेळ चिंचोक्यांकडेच पाहत राहिलो. बेटावरचा प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्यांविषयी बोलतो; डावा कोणता आणि उजवा कोणता याच्याशी त्याच्या वाक्याला काही कर्तव्य नाही. शिवाय सगळ्यांचे वाक्य एकच. म्हणून एखादी मांडणी बरोबर असेल, तर तीच उलट टोकाकडून वाचली तरी बरोबरच असली पाहिजे. आमची मांडणी उलट वाचली की ल स स ल स स ल स होते, म्हणजे तंतोतंत त्या मुलीचे उत्तर. ती दोन उत्तरे असलेली रांग होती, आणि आम्ही एक उत्तर हाती येताच दार लावून घेतले होते.

पहिल्या माणसाची परीक्षा म्हणजे त्याच्या दोन्ही शक्यतांची परीक्षा. तो सत्यवचनी मानून रांग शेवटपर्यंत जुळली, तर ‘हे एक उत्तर आहे’ इतकेच सिद्ध होते. ‘हेच उत्तर आहे’ हे सिद्ध होत नाही. त्यासाठी मागे वळून, तो लबाड मानून, पुन्हा सारी रांग चालावी लागते. दोन फेऱ्यांपैकी एक जुळली तर उत्तर एकमेव. दोन्ही जुळल्या तर उत्तरे दोन. एकही जुळली नाही तर तशी रांग त्या बेटावर उभीच राहू शकत नाही. कोडे घालणाऱ्यानेच कोठेतरी घोटाळा केलेला असतो.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिच्याकडून चिंचोके मागून घेतले. (आजीने आणखी चार घासून पाठवले, हे मागाहून.) आठाऐवजी नऊ माणसे घेतली तर काय होते? पहिला सत्यवचनी मानला की रांग स ल स, स ल स, स ल स अशी तीन समान तुकड्यांत उलगडते. शेवटचा सत्यवचनी म्हणतो की शेजारी लबाड आहे. आठवा खरोखरच लबाड आहे. जुळले. आता पहिला लबाड मानू. त्याचे म्हणणे खोटे, म्हणून दुसरा स; दुसऱ्याचा एक शेजारी लबाड आहेच, म्हणून तिसरा स; आणि मग चौथा ल. पुढे तेच चक्र : ल स स, ल स स, ल स स. शेवटी नववा सत्यवचनी ठरतो आणि म्हणतो की शेजारी लबाड आहे. पण आठवा तर सत्यवचनी. सत्यवचनीच्या तोंडी असत्य! ही फेरी शेवटच्या पायरीवर मोडली. म्हणजे नऊ जणांच्या रांगेला एकच उत्तर आहे, आणि ते उलट वाचले तरी तेच राहते.

दहा जणांत याच्या अगदी उलट घडते. पहिला सत्यवचनी मानला तर नऊ जणांपर्यंत सारे सुरळीत चालते, दहावाही स येतो, आणि त्याचा शेजारी नववाही स. दहाव्याचे म्हणणे खोटे ठरते व फेरी मोडते. पहिला लबाड मानला तर ल स स ल स स ल स स ल अशी रांग येते. दहावा लबाड, त्याचा शेजारी सत्यवचनी, म्हणणे खोटे, सारे जुळते. चार लबाड : पहिला, चौथा, सातवा, दहावा. हे उदाहरण आम्हांस विशेष आवडते. कारण चुकीची फेरी नऊ पावले बिनतक्रार चालते आणि दहाव्या पावलावर उघडी पडते. जो विद्यार्थी शेवटच्या माणसाला स्वतःचे वाक्य विचारायला विसरतो, तो येथे हमखास फसतो.

अकरा घेतले की पुन्हा आठासारखी दोन उत्तरे, बारा घेतले की पुन्हा नवासारखे एक. माणसे तिनाने वाढली की रांगेत एक तुकडा वाढतो, बाकी काही बदलत नाही. संख्येला तिनाने भागून बाकी काय उरते एवढे पाहिले की पहिल्याचे भवितव्य कळते. बाकी शून्य तर पहिला सत्यवचनीच. बाकी एक तर पहिला लबाडच. बाकी दोन तर दोन्ही चालतात. आणि एक गंमत अशी, की लबाड किती हा प्रश्न विचारला असता तर आम्ही फुली मारण्याच्या पापातून वाचलो असतो. आठाच्या दोन्ही उत्तरांत लबाड तीनच आहेत. नवांत तीन, दहांत चार, अकरांत चार. ‘किती’ याचे उत्तर पक्के आहे, ‘कोण’ याचे नाही.

येथवर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते. बेटावरचे लोक निरनिराळे आकडे सांगू लागले म्हणजे कोड्याला खरा रंग चढतो. पुढील सहा जणांची रांग आम्ही नंतर वर्गात घातली. ‘माझ्या लगतच्यांत लबाड किती?’ या प्रश्नाला त्यांनी क्रमाने दिलेली उत्तरे अशी : पहिला ‘एक’, दुसरा ‘एक’, तिसरा ‘शून्य’, चौथा ‘एक’, पाचवा ‘शून्य’, सहावा ‘शून्य’.

पहिला सत्यवचनी मानू. दुसरा ल. दुसऱ्याचे ‘एक’ खोटे, त्याचा पहिला शेजारी स, म्हणून तिसराही स. परंतु तिसरा म्हणतो ‘शून्य’, आणि त्याच्या लगतचा दुसरा तर लबाड आहे. सत्यवचनी असे बोलणार नाही. तीन पावलांतच फेरी मोडली. पुढे जाण्याचे कारण नाही. आता पहिला लबाड मानू. त्याचे ‘एक’ खोटे, म्हणून दुसरा स. दुसऱ्याचे ‘एक’ खरे, पहिला ल आहेच, म्हणून तिसरा स. तिसऱ्याचे ‘शून्य’ खरे, म्हणून चौथा स. चौथ्याचे ‘एक’ खरे, तिसरा स, म्हणून पाचवा ल. पाचव्याचे ‘शून्य’ खोटे, म्हणजे त्याच्या शेजारी निदान एक लबाड हवा. चौथा तो नाही, तेव्हा सहावा ल. शेवटी सहाव्याला विचारू. तो म्हणतो ‘शून्य’. शेजारी पाचवा लबाड आहे, म्हणून त्याचे म्हणणे खोटे, आणि तो लबाडच आहे. जुळले. ल स स स ल ल हे एकच उत्तर.

मुलांना येथे वाटू लागले की पहिला धरला की कोणतीही रांग सुटते. आम्हांलाही तसे वाटत होते. मग त्याच रांगेत आम्ही पाचव्याच्या तोंडी ‘शून्य’ऐवजी ‘दोन’ घातले. पाचव्यापर्यंत सारे पूर्ववत. पाचवा लबाड, म्हणून ‘दोन’ खोटे असले पाहिजे. पण चौथा सत्यवचनी असल्यामुळे पाचव्याचे दोन्ही शेजारी लबाड असूच शकत नाहीत. ‘दोन’ हे आधीच खोटे ठरले आहे. सहावा कोणीही असो, पाचव्याचे लबाडपण शाबूत. धागा येथे तुटतो. सहाव्याविषयी काही कळतच नाही. दोन्ही शक्यता हातात धरून पुढे जावे लागते.

याचे मूळ पुन्हा नकारात आहे. ‘एक’ खोटे म्हटले की उरतात शून्य आणि दोन. आधीचा शेजारी कोण हे ठाऊक असले की त्यांतला एकच शिल्लक राहतो. ‘दोन’ खोटे म्हटले तर उरतात शून्य आणि एक. आधीचा शेजारी सत्यवचनी असेल तर पुढचा सत्यवचनी असूनही चालतो आणि लबाड असूनही चालतो. ‘शून्य’ खोटे असता आधीचा शेजारी लबाड निघाला तर तीच गत. सत्यवचनीचे वाक्य कधीच वाट फोडीत नाही. फोडतो तो लबाड, आणि तोही ‘शून्य’ किंवा ‘दोन’ म्हणणारा लबाड. आमच्या रांगेत सुदैवाने सहाव्याचे वाक्य शिल्लक होते. तो सत्यवचनी असता तर ‘शून्य’ म्हणालाच नसता, कारण पाचवा लबाड आहे. तेव्हा तो ल. शेवटच्या पंचाने फुटलेली वाट मिटवली. दर वेळी तो मिटवीलच असे नाही.

पाच जणांची रांग घ्या. टोकाचे दोघे म्हणतात ‘एक’, मधले तिघे म्हणतात ‘दोन’. म्हणजे प्रत्येकाचे म्हणणे, ‘माझे सगळे शेजारी लबाड.’ पहिला सत्यवचनी मानला, दुसरा ल झाला, की तेथेच वाट फुटते. एका वाटेने स ल स ल स, दुसऱ्या वाटेने स ल ल स ल. पहिला लबाड मानला तर ल स ल स ल आणि ल स ल ल स. चार उत्तरे! शिवाय येथे लबाडांची संख्याही ठरत नाही. पहिल्या उत्तरात दोन लबाड आहेत, उरलेल्या तिन्हीत तीन तीन. वाचकांनी चारही तपासून पाहावीत. असा प्रश्न परीक्षेत घालणाऱ्याने ‘लबाड कोण?’ असे विचारू नये. ‘कमीत कमी लबाड किती?’ असे विचारावे; त्याला उत्तर आहे.

रांगेचे टोकच काढून घेतले तर पद्धतीचे काय होते, हा प्रश्न मुलांनीच उपस्थित केला. पाऊस उघडला होता, मैदान ओले होते, म्हणून दहा मुलांना आम्ही लांबरुंद व्हरांड्यात रिंगण करून उभे केले. पुन्हा मूळचेच वाक्य : ‘माझ्या दोन शेजाऱ्यांत नेमका एक लबाड आहे.’ रिंगणात पहिला असा कोणी नसतो. कोणाही एकाला पहिला म्हणून धरावे तर त्याला दोन शेजारी, आणि दुसरा ठरत नाही. येथे पहिला आणि त्याच्या लगतचा अशा दोघांविषयी एकदम गृहीत धरावे लागते. म्हणजे दोनऐवजी चार फेऱ्या. आणि पंच म्हणून शेवटचा एकटा पुरत नाही. धागा फिरून पुन्हा पहिल्या दोघांपाशी येतो, तेव्हा त्यांची जात आरंभी मानली तीच निघाली पाहिजे.

मुलांनी हातात पाट्या धरल्या, स किंवा ल लिहिलेल्या. पहिले दोघे स स, स ल किंवा ल स यांपैकी काहीही मानले तरी चक्र तिनाचेच निघते : दोन सत्यवचनी, एक लबाड, पुन्हा दोन सत्यवचनी. दहांना तिनाने पूर्ण भाग जात नाही, म्हणून चक्र फिरून येते तेव्हा सांधा जुळत नाही. तिन्ही फेऱ्या मोडल्या. उरली चौथी : पहिले दोघेही लबाड. लबाडाचे दोन्ही शेजारी एका जातीचे, म्हणून तिसराही ल. त्याच कारणाने चौथा ल. आणि असे करता करता दहाही ल. तपासून पाहिले तर प्रत्येकाचे दोन्ही शेजारी लबाड आहेत, ‘नेमका एक’ हे दहाही जणांचे म्हणणे खोटे आहे, आणि दहाही जण लबाड आहेत. सांध्यावरही काही अडत नाही.

दहा पाट्यांवर दहा ल पाहून व्हरांड्यात जो गलका झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गाचे शिक्षक बाहेर आले. ती मुलगी रिंगणात नव्हती, खांबाला टेकून पाहत होती. आम्ही तिला विचारले, ‘‘नऊ मुले असती तर?’’ तिने बोटांवर मोजले नाही, चिंचोकेही काढले नाहीत. ‘‘मग तीन लबाड, नाहीतर नऊच्या नऊ,’’ ती म्हणाली. आणि थोडे थांबून, ‘‘पण सर, ते तीन कोण ते नाही सांगता येणार. रिंगण फिरवलं की बदलतील.’’

वहीतील फुली आम्ही खोडून तिच्याशेजारी सही केली आहे. गुणांच्या रकान्यात दोनाच्या जागी दहा केले. फळ्यावर उत्तराखाली दोन रेघा ओढण्याची आमची सवय मात्र अजून पुरती सुटलेली नाही.